टीमचा ओकेआर घरी का लंगडतो: एका तिमाहीचं सोडवलेलं उदाहरण

प्रश्न: मी पणजीतल्या एका हॉटेलात रिझर्व्हेशन बघतो. आमच्या सात जणांच्या टीमला ओकेआर, म्हणजे एक उद्दिष्ट आणि ते गाठलं का हे आकड्यात सांगणारे की रिझल्ट, चांगले लागू पडलेत. म्हणून एप्रिल ते जूनसाठी मी स्वतःचेही लिहिले: तब्येत, हार्मोनियम आणि घरखर्च अशी तीन उद्दिष्टं, त्याखाली मिळून अकरा की रिझल्ट. तिसऱ्या आठवड्यानंतर शीट उघडलंच नाही. गेल्या आठवड्यात रक्तातल्या साखरेची सरासरी दाखवणारं एचबीएवनसी ६.१ आलं, डॉक्टर म्हणाले वजन उतरवा, चाला. जुलैपासून पुन्हा सुरू करायचंय. टीममध्ये जमतं ते एकट्याला का जमत नाही? खरं उदाहरण घेऊन लिहून दाखवाल का?

उत्तर:

आधी तुमच्या टीमचाच ओकेआर बघू, कारण तो का चालतो हे कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं. हॉटेलात पावसाळ्याच्या तिमाहीसाठी साधारण असं काहीतरी असतं. उद्दिष्ट: पावसाळ्यात येणाऱ्या पाहुण्याने ट्रॅव्हल साइटवरून न येता थेट आपल्याकडे बुकिंग करावं. पहिला की रिझल्ट: थेट बुकिंगचा वाटा २२ टक्क्यांवरून ३५ टक्के. दुसरा: चौकशीला पहिलं उत्तर जायला लागणारा सरासरी वेळ ५ तासांवरून १ तास. तिसरा: चुकीच्या तारखेची किंवा चुकीच्या दराची बुकिंग महिन्याला चारच्या वर जाऊ नयेत.

तिसरा की रिझल्ट मुद्दाम ठेवलेला असतो. नुसता दुसराच ठेवला तर माणसं तासाभरात काहीतरी उत्तर ठोकून मोकळी होतात आणि पाहुणा दारात उभा राहिला की घोळ बाहेर येतो. इंटेलमध्ये १९७० च्या दशकात ज्यांनी ही पद्धत घडवली ते अँडी ग्रोव्ह याबाबत फार जागरूक होते: वेग मोजलात तर त्याच्या जोडीला दर्जाही मोजा. गुंतवणूकदार जॉन डोअर यांनी १९९९ साली हीच पद्धत गूगलमध्ये नेली आणि मग ती जगभर पसरली.

आता या कागदामागे कोण कोण उभं आहे ते बघा. ३५ टक्के हा आकडा जनरल मॅनेजरशी घासाघीस करून ठरलेला असतो. पेमेंटची लिंक आयटीवाल्याच्या हातात असते, दर सेल्सच्या हातात. चौकशीचं उत्तर देतो तो रात्रपाळीचा मुलगा. आकडे बुकिंगच्या सॉफ्टवेअरमधून निघतात, कुणाच्या आठवणीतून नाही. आणि सोमवारी सकाळी पंधरा मिनिटांची बैठक असते, तिथे सगळ्यांसमोर आकडा सांगावा लागतो. म्हणजे ठरवणारा, करणारा, मोजणारा आणि विचारणारा हे चार वेगवेगळे आहेत. टीममध्ये ओकेआरचं अर्धं काम ही चौकट करते. कागदावरच्या वाक्यांचा वाटा त्यामानाने कमी.

घरी हे चारही जण तुम्हीच. आकडा तुम्ही ठरवला, घासाघीस कुणाशी केली नाही, म्हणून तो फुगला. मोजायचंही तुम्हालाच, आणि न मोजलं तर विचारणारं कुणी नाही. शिवाय अकरा की रिझल्ट सात जणांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला दीड येतो. तुमच्या वाट्याला अकराच्या अकरा आले, तेही पाळी संपल्यानंतर उरलेल्या दोन-अडीच तासांत. शीट तिसऱ्या आठवड्यात बंद पडलं यात तुमच्या शिस्तीचा दोष मला दिसत नाही. मांडणीच तशी होती.

म्हणून पहिली काटछाट. घरखर्च ओकेआरमधून काढा, कारण ते तुमचं एकट्याचं उद्दिष्ट नाहीच. घरात खर्च करणारी माणसं किमान दोन आहेत आणि त्यातल्या एकाला तुम्ही विचारलेलं दिसत नाही. ते दोघांनी बसून, टीमच्या पद्धतीने ठरवा आणि वेगळ्या तिमाहीत घ्या. हार्मोनियमबद्दल शेवटी लिहितो. एकट्या माणसाने एका तिमाहीत एकच उद्दिष्ट घ्यावं आणि त्याखाली तीनच की रिझल्ट असावेत, या मतावर मी ठाम आहे. दोन उद्दिष्टं घेतली की ज्यात आधी मजा येते ते पुढे जातं आणि ज्याची गरज असते ते मागे राहतं.

तुमच्या बाबतीत ते उद्दिष्ट उघड आहे. ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या अलीकडची पट्टी, आणि तुम्ही तिच्या बरोबर मध्यावर आहात. काय खायचं, औषध लागेल का, हे डॉक्टर सांगतील. मी फक्त मोजमापाची आखणी सांगतो.

एचबीएवनसी ही तपासणी या कामासाठी फार सोयीची आहे. रक्तातली साखर लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यामुळे हा आकडा गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतो. म्हणजे तिमाहीच्या शेवटी तपासलं तर हिशोब जवळपास त्याच तिमाहीचा येतो. तपासणीच्या आधी चार दिवस उपास करून तो फसवता येत नाही. पण हाच त्याचा तोटाही आहे. हा आकडा सप्टेंबरच्या शेवटी कळणार, आणि तोवर तुम्ही बरोबर चाललाय की चूक, हे सांगणारं दुसरं काहीतरी हवं.

टीममध्ये आपण एक नियम कडक पाळतो: की रिझल्टमध्ये काम लिहायचं नाही, परिणाम लिहायचा. 'पाच मेलर पाठवणे' हा की रिझल्ट नव्हे, 'थेट बुकिंग ३५ टक्के' हा की रिझल्ट. वैयक्तिक ओकेआरमध्ये हा नियम मी जाणूनबुजून मोडायला सांगतो, पण एकदाच. टीमकडे परिणामाचा आकडा रोज येतो, तुमच्याकडे तो तीन महिन्यांनी येणार. म्हणून तीन की रिझल्ट तीन वेगांचे ठेवायचे: एक तिमाहीने हलणारा, एक महिन्याभरात हलणारा आणि एक याच आठवड्यात तुमच्या हातात असणारा.

आठवड्याचा आकडा चालण्याचा. आठवड्याला १५० मिनिटं मध्यम वेगाचा व्यायाम, ही संख्या हवेतून आलेली नाही. तुमच्यासारख्या, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसांवर अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००२ साली आले. आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम आणि वजनात ७ टक्के घट, एवढं लक्ष्य दिलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा ५८ टक्क्यांनी कमी निघालं. तुम्ही एप्रिलमध्ये किती किलो लिहिले होते ते सांगितलं नाहीत, पण अशा शीटमध्ये बहुधा 'दहा किलो' सापडतात. वजन ८२ धरलं तर त्याचे ७ टक्के म्हणजे पावणेसहा किलो होतात, आणि त्या चाचणीत तेवढ्यासाठीही सहा महिने दिले होते. तुम्हाला तीनच महिने आहेत, तेव्हा चार किलो पुरे.

लिहिण्याआधी आठवडाभर नुसतं मोजा. काहीही न बदलता. टीमकडे २२ टक्के हा सुरुवातीचा आकडा सॉफ्टवेअरमध्ये तयार असतो, आपल्याकडे स्वतःबद्दल फक्त समजुती असतात. 'मी रोज थोडंफार चालतोच' म्हणणाऱ्याचं मोजलं की आठवड्याला चाळीस मिनिटं निघतात. जूनचा शेवटचा आठवडा यासाठी वापरा. मग कागद असा होईल:

उद्दिष्ट: ऑक्टोबरचा सीझन सुरू होताना साखर धोक्याच्या पट्टीच्या बाहेर असावी.
की रिझल्ट १: एचबीएवनसी ६.१ वरून ५.६.
की रिझल्ट २: वजन ८२ किलोवरून ७८.
की रिझल्ट ३: तेरापैकी अकरा आठवडे, प्रत्येकी किमान १५० मिनिटं भरभर चालणं.

तिसऱ्याची घडण नीट बघा. 'रोज अर्धा तास' असं लिहिलं असतं तर मुसळधार पावसाचा पहिला दिवस आला की तो मोडला असता, आणि मोडलेली गोष्ट माणूस सहसा पुन्हा उचलत नाही. जुलै म्हणजे गोव्यात पावसाचा सगळ्यात जोराचा महिना. मिरामारहून दोना पावलाच्या रस्त्यावर सलग पाच दिवस चालता येईल या भरवशावर आकडा ठेवू नका. आठवड्याचा हिशोब ठेवला की दोन दिवस वाया गेले तरी तिसऱ्या दिवशी पन्नास मिनिटं चालून भर काढता येते, आणि नाहीच जमलं तर हॉटेलचे लांब कॉरिडॉर आहेतच. तेराऐवजी अकरा हेही तसंच विचारपूर्वक. गणेश चवथीचा एक आठवडा जाणार हे आजच ठाऊक आहे, आणखी एक आजारपणाला किंवा गावच्या कामाला धरा.

खाण्यापिण्याचं मी की रिझल्टमध्ये घातलं नाही हे लक्षात आलं असेल. ते खाली 'उपाय' म्हणून वेगळं लिहा, पेन्सिलने. समजा पहिला उपाय: दिवसाचे पाच गोड चहा होतात, त्यातले चार बिनसाखरेचे. हा एक अंदाज आहे, याने वजन उतरेल असा. अंदाज चुकला तर तिमाहीच्या मध्यात बदलता आला पाहिजे, आणि की रिझल्ट मात्र मध्यात बदलायचे नसतात. टीममध्येही बहुतेक गोंधळ इथेच होतो: उपाय की रिझल्टच्या जागी लिहिला जातो आणि मग तो निरुपयोगी ठरला तरी 'ठरलंय ना' म्हणून तीन महिने ओढला जातो.

आता सोमवारच्या बैठकीचं काय? ती उभी करावी लागेल. घरच्यांपेक्षा बाहेरचा माणूस बरा, कारण घरच्यांनी विचारलं की ती टोचणी होते आणि आपण उत्तर द्यायचं टाळतो. टीममधला एखादा सहकारी किंवा जुना मित्र चालेल. दर रविवारी रात्री त्याला एक ओळ पाठवायची: 'आठवडा ४, चालणं १६५, वजन ८१.५.' एवढंच, कारणं नकोत. त्यानेही सल्ला द्यायचा नाही. ओळ आली नाही तर सोमवारी 'आकडा?' असं विचारायचं, इतकंच त्याचं काम. वजन मात्र रोज सकाळी उपाशीपोटी एकाच काट्यावर करून आठवड्याची सरासरी पाठवा. एका दिवसाच्या वजनात पाणी आणि मीठ यांनीच किलोभर इकडेतिकडे होतं. शनिवारी भरपूर खारं सुकट खाल्लंत तर रविवारच्या काट्याने घाबरून जाऊ नका.

घरच्यांना यातून वगळलं म्हणजे सांगायचंच नाही असं मात्र नव्हे. रात्रीचं जेवण तुम्ही बनवत नसाल तर तुमचा उपाय दुसऱ्याच्या हातात आहे, जशी पेमेंटची लिंक आयटीवाल्याच्या हातात. जूनमध्येच स्वयंपाक करणाऱ्या माणसाशी बोलून घ्या की भात कमी, भाजी आणि मासे जास्त, असं ताट जमेल का. वैयक्तिक म्हणवणाऱ्या बहुतेक उद्दिष्टांत असा एखादा माणूस लपलेला असतो आणि तो सापडतो सहाव्या आठवड्यात, भांडण झाल्यावर.

तर सहावा आठवडा. समजा तुमच्या ओळी सांगतात की सहापैकी पाच आठवडे १५० मिनिटं झाली, पण वजन ८१.६ वरच आहे. तेरा आठवड्यांत चार किलो म्हणजे आठवड्याला तीनशे ग्रॅम, तेव्हा आतापर्यंत पावणेदोन-दोन किलो उतरायला हवं होतं. चालणं होतंय, वजन हलत नाहीये. अशा वेळी माणूस सहसा आणखी चालायला लागतो. पण चालण्याचा आकडा ठीक आहे, म्हणजे बिघाड तिथे नाही. चहाच्या साखरेचा अंदाज अपुरा पडला. मग पेन्सिलने लिहिलेलं खोडा आणि ताटाकडे बघा: स्टाफ कँटीनमधला दुपारचा भात, संध्याकाळी बेकरीतला पाव, पाळी संपल्यावरचं दुसरं जेवण. यातली एकच गोष्ट बदला आणि तीन आठवडे बघा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

उलटी स्थिती समजा. सहापैकी दोनच आठवडे चालणं झालं. मग खाण्याकडे वळूच नका. पाळ्यांचा तक्ता काढा आणि कुठल्या आठवड्यांत चालणं पडलं ते त्यावर खुणा करून बघा. दुपारी दोन ते रात्री दहाच्या पाळीत सकाळ मोकळी असते, तेव्हा बहुधा त्या आठवड्यांत जमलेलं असतं आणि सकाळच्या पाळीच्या आठवड्यांत पडलेलं. तसं निघालं तर सकाळच्या पाळीसाठी वेगळी वेळ शोधणं हा उपाय. 'मी आळशी आहे' या निष्कर्षाने पुढच्या सात आठवड्यांत काहीच सुधारत नाही. तक्त्याने सुधारतं.

आणखी एक खूण. वजन आठवड्याला किलोच्या वर सलग उतरायला लागलं तर खूश होऊ नका. बहुतेकदा त्याचा अर्थ तुम्ही जेवण टाळताय, आणि तसं नसेल तर डॉक्टरांना सांगायलाच हवं. चुकीच्या बुकिंगचा आकडा टीममध्ये जे काम करतो ते इथे ही खूण करते.

चवथीबद्दल एक बारकावा. एचबीएवनसी तीन महिन्यांची सरासरी असली तरी त्यात शेवटच्या महिन्याचा वाटा जास्त असतो, ढोबळमानाने निम्मा. चवथ सप्टेंबरात आली तर नेवऱ्या आणि पातोळ्यांचा आठवडा तपासणीत जरा उठून दिसेल. म्हणून तपासणी पुढे ढकलायची नाही. तारीख आजच ठरवा, ३० सप्टेंबर, लॅबही तीच जिथे ६.१ आलं होतं. आकडा वाचताना तेवढं ध्यानात ठेवा की झालं.

शेवटी गुण. टीमसारखंच सूत्र वापरा: जेवढं पुढे गेलात भागिले जेवढं जायचं होतं. समजा एचबीएवनसी ५.८ आलं. ०.५ उतरायचं होतं, ०.३ उतरलं, म्हणजे ०.६. वजन ७९.२ झालं: चारपैकी २.८ किलो, म्हणजे ०.७. चालणं अकरापैकी दहा आठवडे: ०.९.

गूगलच्या पद्धतीत महत्त्वाकांक्षी लक्ष्याला ०.६ ते ०.७ मिळाले तर ते चांगलं धरतात, आणि नेहमीच १ मिळत असेल तर लक्ष्य फार सोपं ठेवलं असं समजतात. हा नियम लोक घरी जसाच्या तसा लावतात आणि तिथे फसतात. ५.६ आणि ७८ किलो हे पूर्ण तुमच्या हातात नाहीत, शरीर आपल्या गतीने जातं, म्हणून त्यांना ०.७ उत्तम. पण चालणं तुमच्या हातात आहे आणि दोन आठवड्यांची सूट आधीच दिलेली आहे. तिथे ०.७ म्हणजे जवळपास आठच आठवडे, ते नापास धरायचं. हातातल्या की रिझल्टकडून पूर्ण १ ची अपेक्षा ठेवा. ०.९ आलं तर अकरावा आठवडा का राहिला ते लिहून ठेवा.

एचबीएवनसीचे दशांश वाचतानाही थोडा हात राखून. तपासणीतच थोडा फरक असतो, ६.१ चं ५.९ झालं तर ते खरं उतरणं असेल किंवा नुसता हेलकावा. अशा वेळी वजनाकडे बघा. वजन अडीच-तीन किलो उतरलेलं असेल तर विश्वास ठेवायला जागा आहे. ॲनिमिया किंवा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष असेल तर हा आकडा मुळातच दिशाभूल करू शकतो, तेव्हा तसं काही असल्यास डॉक्टरांना विचारून पहिल्या की रिझल्टची तपासणीच बदला.

हार्मोनियम. पेटी तुम्ही आनंदासाठी वाजवणार असाल तर तिला आकडा लावू नका, आठवड्याला किती मिनिटं वाजवली हे मोजायला लागलात की महिन्याभरात ती कपाटावर जाईल. पण चवथीला वाड्यावरच्या आरत्यांना साथ करायची असेल तर गोष्ट वेगळी, तिथे तारीख आहे आणि घुमट वाजवणारे, गाणारे सोबत आहेत. म्हणजे तो टीमचा ओकेआर झाला आणि तो त्या मंडळींनी मिळून लिहावा. या तिमाहीत मात्र दोन्हीतलं पहिलंच करा.

ऑक्टोबर ते डिसेंबर तुमच्या हॉटेलात श्वास घ्यायला वेळ नसतो, तेव्हा त्या तिमाहीत वजनाचं नवं लक्ष्य घेऊ नका. आठवड्याला १५० मिनिटं, तेरापैकी नऊ आठवडे, एवढा एकच आकडा ठेवा. रविवारची ओळ चालू राहू द्या, आणि पुढची तपासणी नाताळची गर्दी ओसरल्यावर, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात घ्या.